निबंधात वारंवार येणारी 'गोष्ट', 'बाब' आणि 'पैलू': दुखणं कुठे आहे आणि ते कसं काढायचं

स्पर्धा परीक्षेच्या निबंधाची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वह्या मी तपासते. या वह्यांमध्ये एक तक्रार दर आठवड्याला नव्याने उभी राहते. विद्यार्थी विचारतात, "मॅडम, मुद्दे सगळे आलेत, शुद्धलेखन बरोबर आहे, तरी तुम्ही 'मोघम' का लिहिता?" बहुतेक वेळा उत्तर वहीतच लाल पेन्सिलीने गोल केलेलं असतं. एका पानावर सहा-सात गोल, आणि प्रत्येक गोलात गोष्ट, बाब, पैलू, घटक, मुद्दा, प्रकार, स्वरूप यांपैकी एखादं नाम.

ही नामं चुकीची नाहीत. पण त्यांच्या आत काहीही बसतं, म्हणून वाचणाऱ्याला त्यांतून काहीच दिसत नाही. आणि हे दुखणं परत परत उलटतं, कारण बरीच मुलं त्यावर चुकीचा उपाय करतात.

तो चुकीचा उपाय आधी सांगते. मी 'गोष्ट' या शब्दावर गोल केला की पुढच्या वहीत 'गोष्ट' नाहीशी होते आणि तिच्या जागी 'बाब' येते. 'बाब'वर गोल केला की 'घटक'. 'घटक' अडवला की 'पैलू'. हे म्हणजे रिकाम्या डब्याचं झाकण बदलणं झालं. निबंध थोडा जड वाटायला लागतो, पण डबा रिकामाच राहतो. समानार्थी शब्दांच्या यादीतून या दुखण्याचं औषध मिळत नाही, कारण प्रत्येक जागी रोग वेगळा असतो. लातूरकडच्या एका मुलीच्या निबंधातला एक परिच्छेद घेऊन ते दाखवते. विषय होता 'महाराष्ट्रातील पाणीप्रश्न'. परिच्छेद असा होता:

"२०१६ साली लातूरमध्ये पाण्याची परिस्थिती अत्यंत गंभीर स्वरूपाची झाली होती. त्या काळात अनेक गोष्टी घडल्या. रेल्वेने पाणी आणणे ही एक महत्त्वाची बाब होती. परंतु या समस्येचे अनेक पैलू होते. पीकपद्धती हाही त्यातील एक महत्त्वाचा घटक होता. शासनाने या गोष्टीकडे वेळीच लक्ष द्यायला हवे होते."

सहा वाक्यं आणि सहा गोल: स्वरूप, गोष्टी, बाब, पैलू, घटक, गोष्टीकडे. वाचताना कानाला काही खटकत नाही. पण हाच परिच्छेद 'लातूर' काढून दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव घालून वाचा, 'रेल्वे'ऐवजी 'टँकर' घाला. काहीही बिघडत नाही. लक्षण ओळखायची माझी खूण हीच आहे. वाक्य दुसऱ्या गावाला जसंच्या तसं लागू पडत असेल, तर त्यातलं नाम मोघम आहे.

पहिली जागा: शब्द उचलून बघा

"गंभीर स्वरूपाची झाली होती" यातलं 'स्वरूपाची' काढलं तर उरतं "गंभीर झाली होती". काहीही गेलं नाही. "रेल्वेने पाणी आणणे ही एक महत्त्वाची बाब होती" यातली 'बाब' काढली तर "रेल्वेने पाणी आणणे महत्त्वाचे होते". इथेही काही हरवलं नाही. मराठीत 'अमुक ही तमुक गोष्ट आहे' हा साचा इतका सवयीचा आहे की विशेषणाला टेकायला एक नाम लागतंच, असं आपल्याला वाटतं. खरं तर लागत नाही. 'व्यायाम ही आवश्यक गोष्ट आहे' म्हणजे 'व्यायाम आवश्यक आहे'.

अशा जागी नवा शब्द शोधत बसू नका. उचलून टाका. मात्र उचलल्यावर मागे राहिलेल्या विशेषणाकडे नीट बघा. 'रेल्वेने पाणी आणणे महत्त्वाचे होते' हे वाक्य आता उघडं पडलं आहे. महत्त्वाचं कोणासाठी, कशामुळे? 'बाब' या शब्दाने हा प्रश्न झाकून ठेवला होता. पाणी मिरजेहून आलं. एप्रिल २०१६ मध्ये पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोचलं. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. एवढ्या लांबून रुळांवरून पिण्याचं पाणी आणावं लागतं, हे लिहिलं की 'महत्त्वाचे' हा शब्द लिहायची गरजच उरत नाही.

दुसरी जागा: शब्द माहीत आहे, पण लिहायला संकोच वाटतो

"त्या काळात अनेक गोष्टी घडल्या." मी विचारलं, "कुठल्या गोष्टी?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, आम्ही तिथेच होतो. मी शाळेत होते तेव्हा. टँकर आला की सगळी गल्ली पळायची. आई रात्री दोनला ड्रम लावून यायची. पाण्याच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, असा हुकूम निघाला होता."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"ड्रम, रांग असले शब्द निबंधात कसे लिहायचे?"

माझ्या अनुभवात मोघम नामांचं सर्वांत मोठं कारण हे आहे. मुलांना नाव माहीत असतं. फक्त ते घरातलं, गल्लीतलं असतं आणि निबंधाची भाषा म्हणजे वर्तमानपत्राच्या अग्रलेखाची भाषा, असा त्यांचा समज झालेला असतो. म्हणून ड्रम, रांग, टँकर, बोअर, पाणीपट्टी, जमावबंदी हे सगळे खणखणीत शब्द गाळले जातात आणि त्यांच्या जागी 'अनेक गोष्टी' येतात. परीक्षक मात्र दिवसभर 'अनेक गोष्टी' वाचून थकलेला असतो. 'जमावबंदी' हा शब्द दिसला की त्याचं लक्ष थांबतं, कारण पाण्यासाठी जमावबंदी लागावी यातच प्रश्न किती तापला होता ते येतं.

इथे उपाय सोपा आहे. 'गोष्टी' हा शब्द झाका आणि तेच वाक्य घरच्या माणसाला तोंडी सांगा. आईला, भावाला, शेजारच्या काकूंना. 'तेव्हा अनेक गोष्टी घडल्या' असं कोणी घरात बोलत नाही. तोंडून जे नाम येईल ते कागदावर लिहा. अगदी बोलीतलं वाटलं तर एक पायरी वर घ्या. 'बोअर' नको असेल तर 'विंधण विहीर' घ्या, पण 'जलस्रोत' घेऊ नका. 'जलस्रोत' म्हटलं की नदी, तळं, विहीर, झरा सगळे एकदम आत येतात आणि तुमचं बोअर त्यांत हरवतं.

तिसरी जागा: मागे बोट दाखवणारी 'ही गोष्ट'

शेवटचं वाक्य होतं, "शासनाने या गोष्टीकडे वेळीच लक्ष द्यायला हवे होते." 'ही गोष्ट' म्हणजे नेमकं काय? मागच्या पाच वाक्यांत उमेदवार बरेच आहेत: पाण्याची परिस्थिती, घडलेल्या गोष्टी, रेल्वे, समस्येचे पैलू, पीकपद्धती. मी तिला विचारलं तर म्हणाली, "उसाकडे." वाचणाऱ्याला ते कसं कळणार?

इथे एक छोटी परीक्षा करून बघा. 'या गोष्टीमुळे', 'ही बाब', 'या घटकाचा' असं आलं की त्यावर बोट ठेवा आणि मागचं वाक्य झाकून टाका. आता बोट कशाकडे आहे हे एका शब्दात सांगता येतं का? येत असेल तर तोच शब्द तिथे लिहा. येत नसेल तर विचारच अजून ठरलेला नाही. मग शब्दकोश बाजूला ठेवा आणि आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते आधी ठरवा.

मराठीची एक सोय इथे हाताशी असते. कित्येकदा नाम शोधावंच लागत नाही, क्रियापदानेच काम होतं. 'मांजरा धरण आटले. या गोष्टीमुळे शहराचा पाणीपुरवठा बंद झाला' याऐवजी 'मांजरा धरण आटल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा बंद झाला'. दोन वाक्यांचं एक झालं आणि 'गोष्ट' आपोआप गेली.

चौथी जागा: 'अनेक पैलू', म्हणजे माहितीच नाही

"या समस्येचे अनेक पैलू होते." हे वाक्य सर्वांत अवघड निघालं. मी विचारलं, "किती?" तिने बोटं मोजायला घेतली आणि दोनवर थांबली, पाऊस कमी आणि ऊस जास्त. 'अनेक' हा शब्द आपल्याजवळ नसलेल्या माहितीच्या जागी उभा होता. घटक, आयाम, कंगोरे हे शब्दही अशाच वेळी मदतीला बोलावले जातात.

यावर भाषेचा इलाज नाही. वाचायला लागतं. तिने दोन दिवस वाचलं आणि परत आली, तेव्हा तिच्याकडे चार नावं होती: मांजरा धरण, खोल जात चाललेल्या विंधण विहिरी, मांजरा खोऱ्यातले साखर कारखाने आणि बारमाही ऊस. आता प्रश्न उरला की या चौघांना मिळून काय म्हणायचं. पैलू? नाही. ती टंचाईची कारणं होती. 'कारणे' लिहिलं की वाक्य लगेच नीट उभं राहिलं.

बऱ्याच जणांची इथे एक चूक होते. नेमकं नाम म्हणजे हाताने धरता येणारी वस्तूच, असा त्यांचा समज असतो. तसं नाही. कारण, परिणाम, अट, टप्पा, अडथळा, आक्षेप, तरतूद, सवलत, अपवाद, निकष, गैरसमज ही सगळी अमूर्त नामं आहेत, पण नेमकी आहेत. पुढे येणारा मजकूर कोणत्या जातीचा आहे हे ती सांगतात. 'या योजनेच्या काही बाबी' म्हटलं तर वाचणारा नुसती वाट बघतो. 'या योजनेच्या अटी' म्हटलं की त्याला कळतं, आता कोणाला लाभ मिळतो आणि कोणाला नाही हे येणार. 'पैलू' लिहावासा वाटला की पुढचा मजकूर वाचा आणि या शब्दांपैकी कोणता त्यावर बसतो ते बघा. एकही बसत नसेल तर बहुधा पुढे दोन-तीन जातींचा मजकूर एकत्र कोंबलेला असतो. थोडी कारणं, थोडे परिणाम, थोडी तक्रार. तेव्हा परिच्छेदच फोडावा लागतो.

नेमकेपणाचा अतिरेक

दुसऱ्या मसुद्यात तिने लिहिलं, "मांजरा धरणातील मृतसाठा दूषित झाल्याने पाणी बंद झाले." शब्द भारदस्त होता. मी विचारलं, "मृतसाठा म्हणजे काय?" ती म्हणाली, "सडलेलं पाणी, वापरता न येणारं."

मृतसाठा म्हणजे धरणाच्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या पातळीखाली राहिलेलं पाणी. ते आपोआप कालव्यात किंवा जलवाहिनीत येत नाही, पण पंप लावून उपसता येतं. अनेक शहरं उन्हाळ्यात हेच पाणी पितात. म्हणजे तिच्या हातून मोघम शब्द गेला आणि त्या जागी चुकीचा शब्द आला. हे जास्त वाईट. 'गोष्ट' वाचून परीक्षक कंटाळतो, पण चुकीचा 'मृतसाठा' वाचला की पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा त्याचा विश्वास जातो.

तेव्हापासून मी एक नियम लावते. जो पारिभाषिक शब्द एका साध्या वाक्यात समजावून सांगता येत नाही, तो वापरायचा नाही. एक पायरी खाली यायचं. 'मृतसाठा' सांगता येत नसेल तर 'धरणातले पाणी संपले' हे पुरेसं नेमकं आहे. पायऱ्या विषयाप्रमाणेही बदलतात. पाणीप्रश्नावरच्या साधारण निबंधात 'ऊस' पुरतो. शेतीवरचाच निबंध असेल तर 'आडसाली ऊस' म्हणणं योग्य, कारण जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली दीड वर्षापर्यंत रानात उभा राहतो आणि सुरू हंगामाचा ऊस साधारण वर्षभरात निघतो. पाण्याचा हिशेब त्या फरकावर असतो. तो हिशेब तुम्ही करणार नसाल तर 'आडसाली' लिहून उपयोग नाही.

शब्द बदलल्यावर वाक्य तपासा

हा भाग छोटा आहे, पण गुण इथेच जातात. गोष्ट आणि बाब स्त्रीलिंगी आहेत. त्यांच्या जागी आलेलं नाम पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी असलं की सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद तिन्ही फिरतात. 'ही महत्त्वाची गोष्ट पालिकेने केली नाही' यात 'सर्वेक्षण' घातलं तर 'हे महत्त्वाचे सर्वेक्षण पालिकेने केले नाही', 'ठराव' घातला तर 'हा महत्त्वाचा ठराव पालिकेने केला नाही'. घाईत मुलं फक्त नाम बदलतात आणि 'ही ठराव केली' असं मागे राहतं.

संगणकावर लिहीत असाल तर शोधताना सामान्यरूप विसरू नका. 'मुद्दा' शोधलं तर 'मुद्दे' आणि 'मुद्द्यामुळे' सापडत नाहीत, म्हणून फक्त 'मुद्द' इतकंच टाका. 'बाब' टाकलं तर 'बाबत', 'बाबतीत', 'बाबासाहेब' सगळे येतात. तिथे 'बाब ' अशी पुढे मोकळी जागा सोडून एकदा आणि 'बाबी' असं एकदा शोधा. 'पूर्ण शब्द जुळवा' ही खूण काढून ठेवा, नाहीतर 'गोष्टींमुळे', 'पैलूंचा' ही रूपं निसटतात.

जिथे हे शब्द राहू द्यायचे

सगळे गोल पुसायचे नसतात. आजीने सांगितलेली गोष्ट ही गोष्टच असते. हा शब्द 'गोष्ठी' म्हणजे बोलणं, गप्पा यांवरून आला आहे, आणि 'चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या' यात तो आपल्या मूळ घरी आहे. 'ही साधी गोष्ट नाही' यातही दुसरा शब्द घालून बघा, जोर जातो. हिऱ्याला पैलू पाडतात तिथे पैलू नेमका आहे. अंदाजपत्रकात खर्चाची बाब असते. जुन्या मराठी राज्यात तर चौथाईतला छत्रपतींचा चौथा हिस्सा 'राजबाबती' म्हणून ओळखला जाई, म्हणजे हा शब्द एकेकाळी हिशेबाच्या वहीत बसण्याइतका काटेकोर होता. आणि खरोखर नाना जातीच्या वस्तू एकत्र सांगायच्या असतील, जसं प्रवासाला निघताना घ्यायच्या गोष्टी, तर 'गोष्टी'च बरोबर.

आता तो परिच्छेद तिसऱ्या मसुद्यात कसा झाला ते देते:

"२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूर शहराचे नळ कोरडे पडले. टँकरभोवती भांडणे होतील या भीतीने प्रशासनाने पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू केली. एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींची पहिली रेल्वे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. या टंचाईचे कारण केवळ कमी पाऊस हे नव्हते. मांजरा खोऱ्यात साखर कारखाने उभे राहिले, बारमाही ऊस पसरला आणि त्याला पाणी देण्यासाठी विंधण विहिरी खोल खोल गेल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी विंधण विहिरी घेण्यास बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. मांजरा खोऱ्यात उसाला अशी मर्यादा वेळीच घालायला हवी होती."

शेवटच्या वाक्यात 'या गोष्टीकडे लक्ष' होतं, तिथे 'उसाला मर्यादा' आली. आता या वाक्याशी कोणी असहमत होऊ शकतो. 'उसाला मर्यादा नको, ठिबक सिंचन हवं' असं कोणी म्हणेल. तसं म्हणता येणं हीच नेमकेपणाची पावती. 'या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे होते' याला नाही म्हणायला जागाच नव्हती.

दुखणं परत उलटू नये म्हणून

घड्याळ लावून लिहायला बसलं की सवय परत येते. हात थांबू नये म्हणून 'गोष्ट' लिहिली जाते आणि पुढे गेल्यावर ती डोळ्यांना दिसत नाही, कारण वाक्य पूर्ण असतं. म्हणून सरावाच्या वहीत मी मुलांना हे शब्द लिहूच देत नाही. नाम सुचलं नाही तर त्या जागी एक लांब रेघ ओढायची आणि पुढे जायचं. 'शासनाने ______ कडे लक्ष द्यायला हवे होते.' रेघ डोळ्यांना खुपते. परत आल्यावर ती भरावीच लागते, किंवा वाक्य खोडावं लागतं. प्रत्यक्ष परीक्षेत रेघ ठेवायची सोय नाही, म्हणून तिथे आराखडा करतानाच प्रत्येक परिच्छेदासमोर त्याचं नाम लिहून घ्यायचं. मांजरा धरण, जमावबंदी, वाघिणी, ऊस. लिहिताना अडलं की नजर त्या यादीवर टाकायची.

मागच्या आठवड्यात त्याच मुलीची नवी वही आली. विषय होता शहरांकडे होणारं स्थलांतर. पाच रेघा होत्या. तीन ठिकाणी तिने 'ऊसतोड', 'उचल' आणि 'मुकादम' भरलं होतं. चौथ्या ठिकाणी 'भाडे'. पाचवी रेघ असलेलं वाक्य तिने आडवी काट मारून काढून टाकलं होतं आणि समासात लिहिलं होतं, "इथे मला काही म्हणायचं नव्हतं."